फोनवर वेबसाईट मुंगीएवढी का दिसते? डेस्कटॉप साईट, झूम आणि पानाची रुंदी



शाळेत ऑनलाईन फॉर्म भरायचे दिवस आले की काही फोन ठरलेलेच असतात. "मॅडम, वेबसाईट उघडते हो, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात. बोटांनी मोठं केलं की अर्धं पान पळून जातं." ज्यांच्याकडे टॅबलेट आहे त्यांचं गाऱ्हाणं बरोबर उलटं. "एवढी मोठी स्क्रीन घेतली, पण पान फोनसारखंच दिसतं. मेनू कुठे गेला तेच कळत नाही." मग कुणी ब्राउझर काढून पुन्हा टाकतं, कुणी सगळा डेटा पुसतं, आणि एक पालक तर फोन रिसेट करायला निघाले होते. त्यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो होते! यातलं काहीच करायची गरज नसते. बहुतेक वेळा एक टिक काढायची असते, फक्त ती कुठली हे कळायला हवं. ते कळण्यासाठी आधी एक छोटी गोष्ट समजून घेऊ.

पानाला रुंदी कोण सांगतं?

शाळेच्या सूचनाफलकावरचं मोठं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. सोमवार ते शनिवार, आठ तासिका, सगळे वर्ग. ते तुम्हाला खिशात ठेवायचंय. एक मार्ग म्हणजे त्याचा फोटो काढायचा. फोटोत सगळं येतं, पण वाचायला तो ताणून मोठा करावा लागतो आणि मग एका वेळी एकच कोपरा दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे खिशातल्या डायरीत ते नव्याने लिहून काढायचं, एका पानावर एकच वार. मजकूर तोच, पण मांडणी डायरीच्या कागदाला शोभेल अशी.

फोनवर वेबपान या दोनपैकी एका पद्धतीने दिसतं. मुंगीएवढी अक्षरं म्हणजे फोटोची पद्धत. नीट वाचता येणारं, एकाखाली एक आलेलं पान म्हणजे डायरीची पद्धत.

यामागे थोडा इतिहास आहे. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याच्या स्क्रीनची रुंदी होती ३२० पिक्सेल. त्या काळातल्या वेबसाईट संगणकासाठी, साधारण हजार पिक्सेलच्या आसपास रुंदी धरून केलेल्या असत. ३२० मध्ये त्या बसवायला गेलं तर सगळी मांडणी कोलमडायची. म्हणून त्या फोनच्या ब्राउझरने एक युक्ती केली. पानाला तो सांगायचा, 'तुझा कागद ९८० पिक्सेल रुंद आहे.' पान त्या रुंदीवर निवांत मांडलं जायचं आणि मग ब्राउझर ते सगळं लहान करून ३२० मध्ये दाखवायचा. हा जो मनातला कागद आहे, त्यालाच व्ह्यूपोर्ट म्हणतात. ज्यांनी पान फोनसाठी वेगळं मांडलंय त्यांना 'माझ्यासाठी ही युक्ती करू नकोस' असं सांगता यावं, म्हणून एक ओळ ठरवली गेली. पुढे बाकीच्या ब्राउझरनीही तीच उचलली. आज फोनवर नीट दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पानाच्या पोटात ती असते:

```
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

अर्थ सरळ आहे. कागदाची रुंदी या उपकरणाइतकीच धर आणि सुरुवातीला लहान-मोठं काही करू नकोस. ही ओळ नसेल तर ब्राउझर आजही ९८० चा कागद धरतो.

आता थोडं गणित करू, म्हणजे मुंगी नेमकी कुठून आली ते दिसेल. तुमच्या फोनच्या खोक्यावर १०८० पिक्सेल असं लिहिलेलं असतं, पण तो फोन पानाला आपली रुंदी साधारण ३६० सांगतो. स्क्रीनवरचे बारीक ठिपके तीन-तीन जोडून तो एक पिक्सेल धरतो, म्हणून १०८० भागिले ३. साध्या मजकुराचं अक्षर सहसा १६ पिक्सेलचं असतं. कागद ३६० चा असेल तर ते १६ चंच दिसतं, छान वाचता येतं. कागद ९८० चा झाला की सगळं ३६० भागिले ९८०, म्हणजे साधारण ०.३७ पट होतं. १६ चं अक्षर ६ च्याही खाली जातं. आपल्या देवनागरीत तर वेलांटी, अनुस्वार, रफार वर-खाली असतात. एवढ्या आकारात 'कि' आणि 'की' वेगळे ओळखून दाखवा बघू!

'Desktop site' ची टिक लावली की काय होतं?

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये उजवीकडे वर तीन उभे ठिपके असतात. ते दाबले की खालच्या यादीत 'Desktop site' आणि त्यासमोर एक चौकट दिसते. फोन मराठीत असेल तर तेच 'डेस्कटॉप साइट'. ही चौकट आपण का लावतो ते सगळ्यांना माहीत आहे. काही पोर्टल संगणकासाठीच बनवलेली असतात, फोनवर त्यांचं एखादं बटणच सापडत नाही. मग यूट्यूबवरचा कुणीतरी सांगतो, 'सर्वप्रथम डेस्कटॉप साईट ऑन करा.' आपण करतो, काम होतं आणि ती टिक विसरून जातो.

या टिकेने एकदम दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे ब्राउझर आपली ओळख बदलतो. प्रत्येक पान मागताना तो सर्व्हरला आपण कोण ते सांगत असतो. एरवी तो 'अँड्रॉइड फोन' म्हणतो, टिक लावल्यावर 'लिनक्स संगणक' म्हणतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो वरची ती ओळ मानेनासा होतो. पानात 'उपकरणाइतकी रुंदी धर' असं स्पष्ट लिहिलेलं असलं तरी तो ९८० चाच कागद धरतो. म्हणूनच एरवी फोनवर सुंदर दिसणारी पानंही अचानक मुंग्या होतात. बिघाड पानात नसतो.

ओळख बदलल्याचे काही विचित्र परिणामही होतात. एखादी सेवा पुन्हा पासवर्ड किंवा ओटीपी मागते. कधी 'नवीन लिनक्स उपकरणावरून लॉगिन झालं' असा मेल येतो आणि आपण घाबरतो, की माझ्याकडे लिनक्स कुठून आलं? त्याच वेळी तुम्ही ही टिक लावून लॉगिन केलं असेल तर तो लिनक्स म्हणजे तुमचाच फोन. वेळ जुळत नसेल तर मात्र पासवर्ड बदला. शिवाय संगणकावरचे काही मेनू माऊसचा बाण नुसता वर नेला की उघडतात. फोनवर बाण कुठून आणणार? असे मेनू उघडायला त्रास देतात किंवा उघडून लगेच मिटतात.

एका आईचा फोन

आमच्या ओळखीतल्या एक ताई आहेत, त्यांची मुलगी पाचवीत शिष्यवृत्तीची तयारी करते. ऑनलाईन सराव चाचणीत मुलगी उत्तर 'ख' म्हणून दाबायची आणि निवड व्हायची 'ग' ची. चार पर्यायांचे गोल एकमेकांना चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढे. गुण कमी पडायला लागले, घरात ओरडा बसायला लागला. दुकानदार म्हणाला, टच खराब झालाय, डिस्प्ले बदलावा लागेल. आता खर्च कुणाच्या जिवावर? आम्ही फोन हातात घेऊन जे पाहिलं ते क्रमाने सांगते, कारण तुम्हालाही याच क्रमाने बघता येईल.

आधी स्क्रीनच्या अगदी वरच्या पट्टीतलं घड्याळ आणि बॅटरीचं चिन्ह बघितलं. ते नेहमीच्या आकारात होतं. म्हणजे पूर्ण फोनचा आकार बदललेला नाही, गडबड ब्राउझरच्या आतच आहे.

मग त्याच ब्राउझरमध्ये मराठी विकिपीडिया, म्हणजे `mr.wikipedia.org` उघडला. विकिपीडिया फोनवर नीट दिसतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तो कसोटीला चांगला. तोही मुंगीएवढा दिसला. म्हणजे दोष सराव चाचणीच्या साईटचा नाही. एकच साईट लहान दिसली असती तर संशय त्या साईटवर गेला असता.

तीन ठिपके दाबले. 'Desktop site' समोर टिक होती. ती काढली, विकिपीडिया झटकन मोठा झाला. ताई खूश! पण चाचणीची साईट उघडली तर तीही लहान, बातम्यांची साईट लहान. इथेच पुष्कळ जण हात टेकतात, 'टिक काढली तरी परत येते' म्हणतात. ती परत येत नाही. तीन ठिपक्यांतली टिक क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत फक्त त्या एका साईटपुरती लक्षात ठेवली जाते. सगळ्या साईटसाठीची कळ वेगळीकडे आहे. तीन ठिपके, मग 'Settings', मग 'Site settings', आणि त्या यादीत पुन्हा 'Desktop site'. ताईंच्या फोनमध्ये ती चालू होती. आधी फॉर्मच्या वेळी त्यांनी मेनूतली टिक लावली होती आणि नंतर कुणीतरी 'कायमचं करून देतो' म्हणून ही कळही चालू करून दिली होती. ती बंद केली, आणि चाचणी, बातम्या, सगळं जागेवर आलं.

त्याच पानावर खाली अपवाद म्हणून नोंदलेल्या साईटची नावं असतात. तिथे फॉर्मच्या पोर्टलचं नाव होतं, पहिल्या टिकेमुळे आलेलं. ते आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं. ते पोर्टल खरोखरच संगणकाच्या मांडणीत बरं चालतं. आता फक्त ते एक पोर्टल डेस्कटॉप पद्धतीने उघडतं आणि बाकी सगळं फोनसारखं. डेस्कटॉप साईट वापरायची खरी जागा ही, एकेका साईटपुरती.

डिस्प्ले बदलला नाही, हे वेगळं सांगायला नको. पर्यायांचे गोल आता बोटाच्या टोकाएवढे झालेत, त्यामुळे 'ख' दाबलं की 'ख'च लागतो. मुलीचे जे प्रश्न अजूनही चुकतात ते गणिताचे आहेत, त्यावर ब्राउझरचा इलाज नाही!

फायरफॉक्स आणि सॅमसंगच्या इंटरनेट ब्राउझरमध्येही ही कळ मेनूतच 'Desktop site' नावाने असते. जागा थोडी इकडेतिकडे, अर्थ तोच.

फॉर्मसाठी डेस्कटॉप मांडणी लागतेच, तेव्हा

काही शिक्षकांकडे शाळेत संगणक नाही, सगळी माहिती फोनवरच भरावी लागते. त्यांच्यासाठी एक साधा उपाय आहे आणि तो वापरणारे फार कमी दिसतात. फोन आडवा करा. ३६० रुंदीचा फोन आडवा केला की त्याची रुंदी साधारण ८०० होते. ९८० चा कागद ८०० मध्ये बसवायचा म्हणजे ०.८ पट. १६ चं अक्षर १३ चं दिसतं, उभ्या फोनवर ते ६ सुद्धा नव्हतं. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त मोठं, तेही बोटांनी न ताणता. वरून पट्टी खाली ओढली की 'Auto-rotate' मिळतं, ते चालू हवं.

याची अडचण कीबोर्ड. आडव्या फोनवर कीबोर्ड अर्ध्याहून जास्त जागा खातो, मग कुठल्या रकान्यात लिहितोय ते दिसत नाही. म्हणून मी असं सुचवेन की यादीतून निवडायचे, टिक करायचे रकाने आधी आडव्या फोनवर भरा आणि नाव-पत्त्यासारखं टाईप करायचं ते उभ्या फोनवर, त्या रकान्यावर दोनदा टिचकी मारून. दोनदा टिचकी मारली की ब्राउझर तेवढाच भाग स्क्रीनभर करतो. मात्र 'सबमिट' दाबण्याआधी पान पूर्ण लहान करून एकदा नजर टाका. ताणलेल्या पानात उजवीकडचा एखादा रकाना नजरेबाहेर राहिलेला असतो आणि फॉर्म अर्धा जातो.

टॅबलेटवर मोबाईलची मांडणी का येते?

आता दुसरं गाऱ्हाणं. मोठ्या स्क्रीनवर एकच स्तंभ, मेनू तीन रेघांत लपलेला, बाजूची अनुक्रमणिका गायब. इथे मी आधी वरचा पत्ता बघते. आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांचे ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर आहेत. फोनवरून अशा ब्लॉगची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपच्या गटात टाकली की तिच्या शेवटी बहुधा हे चिकटलेलं असतं:

```
?m=1
```

याचा अर्थ 'मोबाईलची मांडणी दे'. मग ती लिंक दहा इंची टॅबलेटवर उघडा नाहीतर शाळेच्या संगणकावर, पान मोबाईलचंच येणार. शेवटचं `?m=1` पुसा किंवा त्याचं `?m=0` करा, पान पूर्ण मांडणीत येईल. काही इतर साईटच्या पत्त्यात मधेच `m.` असतं. विकिपीडियाच्या मोबाईल लिंक वर्षानुवर्षे `mr.m.wikipedia.org` अशा असत. तिथे ते `m.` काढायचं. अशा बऱ्याच साईटच्या तळाशी मोबाईल मांडणी आणि डेस्कटॉप मांडणी असा दुवाही असतो. तो एकदा चुकून दाबला गेला तर साईट ती निवड लक्षात ठेवते, आणि ब्राउझरमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही. तळाशी जाऊन उलटा दुवा दाबला की झालं.

पत्ता स्वच्छ असेल तर टॅबलेट आडवा करून बघा. आडवा केल्यावर पूर्ण मांडणी आली तर प्रश्न रुंदीचा आहे. दहा इंची टॅबलेट उभा धरला की पानाला साधारण ८०० रुंदी सांगतो. पुष्कळ साईट ७६८ ही सीमारेषा धरतात, त्याखाली मोबाईलची मांडणी आणि वर मोठी. आता आजोबांना दिसावं म्हणून कुणी 'Settings', 'Display' मध्ये जाऊन 'Display size' एक-दोन पायऱ्या वाढवला, तर तो टॅबलेट ८०० ऐवजी समजा ७०० सांगू लागतो. सीमारेषेच्या खाली गेला, की पानाच्या लेखी तो मोठा फोनच! सॅमसंगमध्ये याच कळीचं नाव 'Screen zoom' आहे. आठ इंची स्वस्त टॅबलेट तर मुळातच उभे असताना ६०० च्या आसपास सांगतात, तिथे मोबाईलची मांडणी येणं हा बिघाड नाही. स्क्रीन दोन भागांत विभागून एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला पान लावलं, तरी पानाला निम्मीच रुंदी मिळते आणि तेच घडतं. मुलं हे हमखास करतात.

आणि आडवा करूनही मोबाईलचंच पान येत असेल, तर साईट रुंदी बघतच नाही, ओळख बघते. अँड्रॉइड फोनवरचा क्रोम आपल्या ओळखीत 'Mobile' हा शब्द घालतो, टॅबलेटवरचा घालत नाही. पण काही साईट नुसता 'Android' शब्द दिसला की मोबाईलचं पान देऊन मोकळ्या होतात. इथे मात्र 'Desktop site' ची टिक हाच योग्य उपाय आहे. टॅबलेटवर तिचा त्रासही नाही, कारण ८०० रुंदीत ९८० चा कागद फारसा लहान होत नाही.

आयपॅडची तऱ्हा निराळी. २०१९ साली आलेल्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी मुळातच डेस्कटॉपची मांडणी मागते आणि आपण मॅक संगणक आहोत असं सांगते. एखादी साईट त्यामुळे अडली, तर पत्त्याच्या पट्टीतलं 'aA' दाबा, नव्या आवृत्तीत तिथे पानासारखं चिन्ह दिसेल, आणि 'Request Mobile Website' निवडा. सगळ्या साईटसाठीची कळ सेटिंग्जमध्ये सफारीच्या खाली 'Request Desktop Website' नावाने आहे.

झूमच्या कळा वेगळ्या

व्ह्यूपोर्ट म्हणजे कागदाची रुंदी, झूम म्हणजे त्या कागदावर धरलेलं भिंग. दोघांची गल्लत झाली की माणूस भलतीच कळ फिरवत बसतो. दोन बोटांनी ताणतो ते भिंग तात्पुरतं असतं, पान बदललं की गेलं. क्रोमच्या 'Settings' मधल्या 'Accessibility' खाली मात्र एक सरकपट्टी आहे, ती सगळ्या पानांचा झूम कायमचा कमी-जास्त करते. मांडणी बरोबर आहे, फक्त अक्षरं बारीक वाटतात, अशा वेळी हिला हात लावा. डेस्कटॉप साईट अडकलेली असताना ही वाढवत बसू नका.

तिथेच 'Force enable zoom' ही एक चौकट आहे. काही साईट पान ताणायलाच बंदी घालतात. चष्मा लागलेल्या आपल्यासारख्यांवर हा अन्यायच म्हणायचा. ही चौकट लावली की क्रोम ती बंदी मानत नाही. आयफोन-आयपॅडवरची सफारी २०१६ च्या आयओएस १० पासून आपणहूनच असली बंदी मानत नाही.

आणि वरच्या पट्टीतलं घड्याळसुद्धा प्रचंड मोठं होऊन स्क्रीनबाहेर पळत असेल, तर ते अँड्रॉइडचं भिंग, 'Magnification'. स्क्रीनवर पटकन तीनदा टिचकी पडली की काही फोनमध्ये ते सुरू होतं, लहान मुलांच्या हातात फोन असला की विशेष. पुन्हा तीनदा टिचकी मारली की बंद. कायमचं नको असेल तर फोनच्या 'Accessibility' मधून काढा.

एक सावधगिरी. काही व्हिडिओंत 'Developer options' उघडून 'Smallest width' चा आकडा बदलायला सांगतात. सॅमसंगमध्ये तेच 'Minimum width'. त्याने ब्राउझरच काय, पूर्ण फोनची मांडणी बदलते. कुणी आधीच बदलून ठेवला असेल आणि फोनवरचं सगळंच बारीक झालं असेल, तर तिथे ३६० किंवा ४११ च्या आसपासचा आकडा घालून बघा, बहुतेक फोनचा मूळ आकडा त्याच घरातला असतो. बदलण्याआधी जुना आकडा कागदावर लिहून ठेवायचा, हे मात्र पक्कं.

ज्यांचा स्वतःचा ब्लॉग आहे त्यांच्यासाठी

वाचकाच्या फोनमध्ये सगळं ठीक असूनही तुमचाच ब्लॉग लहान दिसत असेल तर ती ओळ तपासा. ब्लॉगरमध्ये 'Theme' मध्ये जाऊन 'Customize' शेजारचा बाण दाबला की 'Edit HTML' मिळतं. त्यात 'viewport' शोधा. जुन्या साच्यांत दोन ओळी सापडतात, एक मोबाईलसाठी आणि दुसरी बाकीच्यांसाठी. दुसरीत हे लिहिलेलं असतं:

```
<meta content='width=1100' name='viewport'/>
```

म्हणजे टॅबलेटला ११०० चा कागद दिला जातो. पहिल्या ओळीत `maximum-scale=1.0` असेल तर तीच ती ताणायला बंदी, तेवढा तुकडा काढून टाकलात तर आजी-आजोबा दुवा देतील. ११०० च्या जागी मात्र घाईने `device-width` लिहू नका. जुन्या साच्याचे स्तंभ ठरावीक रुंदीचे असतात, ते अरुंद कागदावर बसत नाहीत, उजवीकडे बाहेर जातात. तिथे नवा साचा घेणंच सोपं. पण त्याआधी त्याच बाणाखालच्या 'Backup' ने जुना उतरवून ठेवा.

'Mobile settings' ही कळही तिथेच आहे. जुन्या साच्यात ती 'Desktop' वर असेल तर फोनवर येणारा वाचकही मुंग्याच वाचतोय.

आणि साचा नवा असूनही एखाद्याच पाठाचं पान उजवीकडे सरकत असेल, शेजारी पांढरी पट्टी दिसत असेल, तर त्या पाठात वर्डमधून चिकटवलेला तक्ता शोधा. तो आपली रुंदी सोबत घेऊन येतो, `width="900"` अशी. फोनच्या ३६० च्या कागदावर ९०० चा तक्ता, मग पान रुंदावणारच. लेख 'HTML view' मध्ये उघडा आणि तिथे ९०० च्या जागी `100%` लिहा. तक्त्यात सहा-सात रकाने असतील तर एवढ्याने भागत नाही, शब्द उभे तुटायला लागतात. मग त्या तक्त्याचे दोन तक्ते करा, तीन-तीन रकान्यांचे.